भाताची मूद की हापूस? ग्लायसेमिक लोड घरच्या घरी काढताना हमखास पडणारे प्रश्न

हे सगळं सुरू झालं आमच्या बाबांच्या फ्रिजवर लावलेल्या एका छापील चार्टमुळे. बाबांना डायबेटिस आहे आणि कुठल्याशा डाएट क्लासमधून त्यांनी तो कागद आणलेला, त्यात लिहिलेलं की एक वाटी भात म्हणजे ग्लायसेमिक लोड ९० आणि एक आंबा म्हणजे १७. बाबांनी ९० बघितलं आणि भात तडकाफडकी बंद. आंबापण बंद, कारण १७ ला समोर 'मध्यम' लिहिलं होतं आणि त्यांना मध्यम काही नकोच होतं. जन्मभर वरणभात खाल्लेला माणूस दुपारी नुसत्या पोळीकडे बघत बसलेला मला बघवेना म्हणून एका रविवारी मी किचनचा वजनकाटा काढला आणि दोन्ही आकडे पुन्हा काढले. दोन्ही चुकलेले निघाले, आणि मजा म्हणजे दोन्हीत जीआय बरोबर होता, घोळ ग्रॅममध्ये होता. नंतर ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवतेय.

जीआय आणि जीएल, एकच ना?

नाही. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे जीआय हा पदार्थातल्या कार्बचा स्वभाव सांगतो, म्हणजे ते कार्ब रक्तातली साखर किती जोरात चढवतात ते. तुम्ही किती खाल्लं याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही, एक घास खा नाहीतर पातेलं संपवा, जीआय तोच. ग्लायसेमिक लोड म्हणजे जीएल हा तुमच्या ताटात जेवढं वाढलंय तेवढ्याचा हिशोब. जीआयची कल्पना १९८१ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या टीमने मांडली आणि जीएल त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वापरात आणला, कारण नुसत्या जीआयवर माणसाच्या जेवणाचं गणित जमत नव्हतं.

जीआय मोजतात तरी कसा? मिक्सरमध्ये घालून?

माणसांवर मोजतात. साधारण दहा निरोगी माणसं घेतात, रात्रभर उपाशी ठेवतात आणि सकाळी त्यांना तो पदार्थ एवढा खायला देतात की त्यातून बरोबर ५० ग्रॅम पचणारे कार्ब पोटात जातील. मग बोटाला टोचून पंधरा पंधरा मिनिटांनी, पुढे अर्ध्या अर्ध्या तासाने, असं दोन तास रक्त तपासतात आणि साखरेचा आलेख काढतात. त्याच माणसाने वेगळ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर आलेला आलेख म्हणजे १००. उपाशीपोटीच्या साखरेच्या रेषेवर पदार्थाच्या आलेखाने जेवढं क्षेत्रफळ व्यापलं ते ग्लुकोजच्या किती टक्के, तो त्या माणसापुरता जीआय, आणि सगळ्यांची सरासरी काढली की पदार्थाचा जीआय.

यातली गोम त्या ५० ग्रॅममध्ये आहे. शिजलेल्या भातातून ५० ग्रॅम कार्ब मिळवायला साधारण १८५ ग्रॅम भात पुरतो, म्हणजे सव्वा मूद. आंब्यातून तेवढेच मिळवायला ३७० ग्रॅम गर लागतो, म्हणजे कोय-साल काढून, मध्यम आकाराचे दोन आंबे खाऊन वर तिसऱ्याची एक फोड. तेव्हा तक्त्यात भात ७७ आणि आंबा ५१ असे आकडे शेजारी शेजारी दिसले तरी ते सारख्या वाढपाचे आकडे नाहीत. ताटातला फरक त्याहून मोठा असतो.

बरं, मग जीएलचा फॉर्म्युला काय?

जीएल = जीआय × पचणारे कार्ब (ग्रॅममध्ये) ÷ १००

एवढंच. उत्तर ढोबळपणे असं वाचायचं की जीएल १ म्हणजे साधारण १ ग्रॅम शुद्ध ग्लुकोज खाल्ल्यासारखं. मी बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे जीएल तीस म्हणजे ग्लुकॉन पावडर तीस ग्रॅम?" हो, तसंच समजा, अगदी काटेकोर नसलं तरी डोक्यात चित्र बरोबर बसतं.

एका वाढपाचा जीएल १० किंवा कमी असेल तर कमी म्हणतात, ११ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे जास्त. जीआयच्या पायऱ्या वेगळ्या आहेत, तिथे ५५ पर्यंत कमी आणि ७० पासून पुढे जास्त. लोक या दोन पायऱ्यांची गल्लत करतात, जीएल ४२ आला की "पंचावन्नच्या आत आहे ना, मग ठीक" म्हणतात, आणि ते अजिबात ठीक नसतं.

'पचणारे कार्ब' म्हणजे नक्की काय? फायबर वजा करायचं की नाही?

अवेलेबल कार्ब म्हणजे जे लहान आतड्यात पचून साखर होऊन रक्तात येतात ते, म्हणजे स्टार्च आणि साखरा. फायबर तसं येत नाही म्हणून ते धरायचं नाही. प्रश्न असा की तुमच्यासमोरच्या तक्त्यात ते आधीच काढलंय का नाही, आणि हे तक्त्यागणिक बदलतं.

अमेरिकन कृषी खात्याचा डेटा घेतलात, किंवा अमेरिकेतलं पाकीट, तर तिथे एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, तुम्हाला वजा करावं लागतं. आंब्याचं उदाहरण घ्या, १०० ग्रॅम गरात एकूण कार्ब १५ आणि फायबर १.६, म्हणजे पचणारे १३.४. आपल्याकडचे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते घेतलेत तर तिथे कार्बच्या रकान्यातून फायबर आधीच बाहेर काढलेलं आहे. मी स्वतः बेरीज करून बघितली, पांढऱ्या तांदळाचं पाणी ९.९३, प्रथिनं ७.९४, राख ०.५६, चरबी ०.५२, फायबर २.८१ आणि कार्ब ७८.२४, सगळं मिळून बरोबर १००. फायबर कार्बच्या आत असतं तर बेरीज १०० ला थांबली नसती ना, तर हीच युक्ती कुठल्याही तक्त्याला लावा, फायबर वेगळं धरून बेरीज १०० आली तर पुन्हा वजा करू नका, आणि १०० च्या वर गेली तर करा.

इंग्लंड-युरोपातल्या पाकिटांवरसुद्धा कार्बच्या आकड्यात फायबर नसतं. तिकडे राहणारी आणि अमेरिकेतल्या साइटवर बघून वजाबाकी करणारी आपली मंडळी इथे हमखास दोनदा वजा करतात. भातात त्याने फार बिघडत नाही कारण फायबर मुळातच थोडं, पण राजमा, छोले, ओट्स असल्या गोष्टींत उत्तर चांगलंच खाली येतं.

भाताचं एकदा नीट करून दाखवा

दाखवते, आणि हेच खरं काम आहे, बाकी सगळी गुणाकाराची शाळा. भाताचा त्रास असा की तक्ता कच्च्या तांदळाचा आणि ताटात शिजलेला भात, आणि मधे किती पाणी शोषलं गेलं ते प्रत्येक घरी वेगळं. मोकळा भात करणाऱ्याकडे कमी पाणी, आमच्यासारख्या आसट भात आवडणाऱ्यांकडे जास्त. म्हणून मी कुठल्या ॲपवरचा 'शिजलेला भात, एक वाटी' घेत नाही, घरचाच मोजते.

कुकरचं रिकामं भांडं आधी काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं. २०० ग्रॅम सुरती कोलम मोजून घेतला, धुतला, नेहमीसारखं पाणी घालून तीन शिट्ट्या. वाफ जिरल्यावर भातासकट भांडं पुन्हा काट्यावर ठेवलं, रिकाम्या भांड्याचं वजन वजा केलं, भात निघाला ५८० ग्रॅम. म्हणजे २०० चे ५८०. आता त्यात कार्ब किती, तर जेवढे कच्च्यात होते तेवढेच, पाण्याला कार्ब नसतात. २०० ग्रॅम तांदळात ७८.२ टक्क्यांनी १५६ ग्रॅम कार्ब, ते आता ५८० ग्रॅम भातात पसरलेत, म्हणजे १०० ग्रॅम भातात २७.

मग आईने नेहमीच्या वाटीने बाबांसाठी मूद पाडली तशी पाडायला सांगितली, ताट काट्यावरच ठेवून. मूद भरली १५० ग्रॅम. तीच वाटी डावाने मोकळी भरली तर ११५ च्या आसपास येते, म्हणजे आईच्या अंगठ्याचा दाब पस्तीस ग्रॅमचा आहे, आणि वाटीच्या मापावर मी विश्वास का ठेवत नाही ते इथेच कळावं. १५० ग्रॅम मुदीत कार्ब साधारण ४०. सुरती कोलमचा जीआय ७७, चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी मोजलेला. ४० × ७७ ÷ १०० = ३१.

तर एक मूद भात, जीएल ३१. जास्तच आहे, त्यात काही शंका नाही. पण ९० नाही.

मग चार्टमधला तो ९० आला कुठून?

हे शोधायला मला दहा मिनिटं लागली आणि सापडल्यावर मी हसले. त्यांनी १५० ग्रॅम भात घेतला, शिजलेला, आणि त्याला कच्च्या तांदळाचे ७८ टक्के लावले. १५० × ०.७८ = ११७ ग्रॅम कार्ब, गुणिले ०.७७, आले ९०. म्हणजे पाण्यालाच तांदूळ समजले. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश पाणीच असतं, त्यामुळे हा घोटाळा झाला की उत्तर जवळजवळ तिप्पट येतं.

ओळखायचं कसं? मधली पायरी बघायची. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला कार्ब २५ ते ३० च्या मधे यायला हवेत, पेजेसारखा पातळ असेल तर आणखी खाली. ७० च्या घरात आकडा दिसला की कच्चं-शिजलेलं एकमेकांत मिसळलंय हे नक्की. आणि उलटी चूकसुद्धा होते बरं का, कच्चा तांदूळ मोजायचा आणि त्याला शिजलेल्या भाताचे २८ टक्के लावायचे, मग ५० ग्रॅम तांदळाचा जीएल ११ येतो आणि माणूस खुश होऊन दोन मुदी खातो. ही चूक जास्त वाईट, कारण ती कोणाला खटकत नाही.

जीआय कुठला धरू? प्रत्येक साइटवर तांदळाचा आकडा वेगळा आहे

वेगळा असणारच, कारण तांदूळ म्हणजे एक पदार्थ नाही. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. फांद्यांना टोकं जास्त, त्यामुळे पाचक रस एकाच वेळी खूप ठिकाणी तोडायला लागतात आणि साखर भराभर सुटते. ज्या तांदळात अमायलोज जास्त त्याचा भात मोकळा होतो आणि जीआय साधारणपणे खाली असतो. बासमतीचा तक्त्यांत ५८ च्या आसपास दिसतो तो यामुळे, आणि सोना मसुरी ७२, पोन्नी ७०, सुरती कोलम ७७.

आता इंद्रायणी किंवा आंबेमोहोर खाणाऱ्यांनी काय करावं? ते भात चिकट, मऊ होतात, म्हणजे अमायलोज कमी असण्याचं लक्षण, तर त्यांना बासमतीचा आकडा चिकटवून स्वतःला फसवू नये, मी सरळ कोलमचा ७७ धरते. थोडं जास्त धरलेलं परवडतं.

एक गोष्ट मात्र तपासाच. कुठे भाताचा जीआय १०० च्या वर दिसला, समजा ११०, तर तो बहुतेक ग्लुकोजऐवजी पांढऱ्या ब्रेडला १०० धरून काढलेला असतो, जुन्या तक्त्यांत तशी पद्धत होती. त्याला ०.७ ने गुणा, ११० चे ७७ होतात. काही चिकट तांदूळ ग्लुकोजच्या मापानेही शंभरी गाठतात हे खरंय, थायलंडच्या जास्मिन तांदळाची १०९ अशी नोंद आहे, म्हणून तक्त्याच्या वरची बारीक ओळ वाचायची की १०० कोणाला धरलंय.

पण खरं सांगू का, जीआयवर एवढं डोकं खपवण्यात अर्थ नाही. आमच्या मुदीला बासमती धरला तर ४० × ०.५८ म्हणजे २३, कोलम धरला तर ३१. दोन्ही 'जास्त'मध्येच. तेच मूद अर्धी केली तर कोलमचासुद्धा १६ वर येतो. महागातला तांदूळ आणून जे होत नाही ते आईने डाव हलका ठेवला की होतं.

आता आंबा. एका हापूसचा जीएल किती?

पेटीतला एक मध्यम हापूस घेतला, अख्खा २५० ग्रॅम भरला. कापला, बाठा चोखून, म्हणजे मापासाठी चमच्याने खरवडून, साल-बाठा वेगळे ठेवले तर ते ९० ग्रॅम. गर उरला १६०. त्याला १३.४ टक्के लावले की पचणारे कार्ब २१ ग्रॅम. आंब्याचा जीआय तक्त्यांत सरासरी ५१ आहे, वेगवेगळ्या मोजण्यांत ४१ पासून ६० पर्यंत आलेला. २१ × ५१ ÷ १०० = ११.

चार्टमधले १७ कसे आले ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांनी अख्खे २५० ग्रॅम धरले, साल आणि कोयीसकट. बाबांना म्हटलं, तुम्ही बाठा गिळणार असाल तर १७ बरोबर आहे.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी, ते १३.४ टक्के अमेरिकेत मिळणाऱ्या आंब्याचे आहेत आणि पिकलेला हापूस त्यापेक्षा गोड असतो. माझ्या मते हापूसला १७ टक्के धरून बघायला हरकत नाही, मग १६० ग्रॅम गरात २७ ग्रॅम कार्ब आणि जीएल १४. म्हणून मी घरी 'एक हापूस म्हणजे अकरा ते चौदा' असं सांगते, एकच आकडा सांगत नाही. पायरी, केसर, तोतापुरी प्रत्येकाचं वेगळं, शिवाय त्याच पेटीतला आढीत चार दिवस जास्त राहिलेला आंबा वेगळा, कारण पिकताना स्टार्चची साखर होत जाते.

आंबा इतका गोड आणि भात अळणी, मग आंब्याचा जीआय कमी कसा? माझा विश्वास बसत नाही

माझ्या आत्याचाही बसत नाही. जिभेला गोड लागणं आणि रक्तात ग्लुकोज वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भातातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच माळ, तुटली की शंभर टक्के ग्लुकोज. आंब्यातली गोडी मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, आणि जोडीला सुटं फ्रुक्टोज आणि थोडं ग्लुकोज. सुक्रोज तुटलं की अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. हे फ्रुक्टोज बरंचसं यकृतात अडतं, ते रक्तातल्या ग्लुकोजचा काटा फारसा हलवत नाही, नुसत्या फ्रुक्टोजचा जीआय वीसच्याही खाली आहे. म्हणून तेवढेच ग्रॅम कार्ब असूनही आंब्याचा आलेख बुटका येतो.

पण यावरून 'आंबा कितीही चालतो' असं काढू नका, कारण फ्रुक्टोज नाहीसं होत नाही, यकृत त्याचं काहीतरी करतंच, आणि जास्त झालं तर त्याची चरबीही करतं. जीएल फक्त ग्लुकोजचा हिशोब सांगतो, उष्मांकाचा किंवा ट्रायग्लिसराइडचा नाही.

आमरसाचं काय?

आमरसात आंबा तोच, पण माप हरवतं. १५० ग्रॅमची वाटी म्हणजे जवळपास एका आंब्याचा गर, जीएल १० च्या आसपास. त्यात दोन चमचे साखर घातली, म्हणजे १० ग्रॅम, तर साखरेचा जीआय ६५ धरून साडेसहा वाढले, वाटी १७ वर. आणि आमरस एक वाटी कोणी खाल्लाय? तीन वाट्या म्हणजे ५१, पुऱ्या वेगळ्या. फोडी करून खाल्लेला आंबा आपोआप एकावर थांबतो कारण कोय समोर दिसते, रसात किती कोयी गेल्या ते फक्त रस काढणाऱ्याला माहीत. डब्यातला रस असेल तर मागे साखर घातलीय का ते वाचा, बहुतेक वेळा घातलेली असते.

वरण, तूप, लिंबू घातल्यावर भाताचा जीएल कमी होतो का?

कागदावर नाही होत. जेवणाचा जीएल काढताना प्रत्येक पदार्थाचा वेगळा काढून बेरीज करतात. तुपात कार्ब नाहीत म्हणून तूप शून्य. वरणात थोडे आहेत म्हणून वरणाने बेरीज उलट किंचित वाढते. पण रक्तात वेगळं घडतं, तूप आणि डाळीतली प्रथिनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, लिंबाच्या आंबटपणानेही तसंच होतं, त्यामुळे नुसत्या भातापेक्षा वरणभाताने साखर सावकाश चढते. हे फॉर्म्युल्याला दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की जीएलचा आकडा ताटाची तुलना करायला वापरा, अर्ध्या मुदीशी पूर्ण मुदीची, तुमची साखर किती येणार याचं भविष्य सांगायला नाही. आणि 'तूप घातलं की साखर वाढत नाही' म्हणून दुसरी मूद घेणं हे मात्र निव्वळ निमित्त.

फ्रिजमधला शिळा भात गरम करून खाल्ला तर म्हणे साखर वाढत नाही?

वाढते, थोडी कमी वाढते. भात गार झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पचायला नकार देतो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. इंडोनेशियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात ताज्या भातात तो १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता आणि चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. ऐकायला अडीचपट, पण ग्रॅममध्ये बघा, फरक एका ग्रॅमचा. आमच्या मुदीत दीड ग्रॅम कार्ब कमी झाले, म्हणजे जीएल ३१ चा ३०. त्या अभ्यासात लोकांची साखर यापेक्षा जास्त उतरली, म्हणजे उरलेला स्टार्चही सावकाश पचत असणार, तेव्हा फायदा आहे, पण मूद दुप्पट करण्याइतका नाही. आणि शिळा म्हणजे ओट्यावर रात्रभर राहिलेला नव्हे. शिजलेल्या भातात एक जंतू उष्णतेला दाद न देता शिल्लक राहतो आणि बाहेर ठेवलं की वाढून विष तयार करतो, ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर रात्री निवल्या निवल्या फ्रिजमध्ये.

पेज काढून टाकलेल्या भाताबद्दलही विचारतात. पेजेबरोबर थोडा स्टार्च जातो, त्यामुळे माझ्या २०० चे ५८० या पद्धतीने उत्तर किंचित जास्त येईल. जास्तच येतंय, तर येऊ दे.

कलिंगडाचा जीआय ७२ आहे म्हणून आमच्याकडे बंद केलंय

चालू करा. जीआयचे तक्ते बघून घाबरण्याचं हे सगळ्यात जुनं उदाहरण. कलिंगडात जवळजवळ सगळं पाणी, १२० ग्रॅमच्या फोडीत पचणारे कार्ब सहा ग्रॅम, जीएल ४. अर्ध कलिंगड मांडीवर घेऊन चमच्याने खाणार असाल तर मात्र पुन्हा मोजा.

जीएलवरून इन्सुलिनचं प्रमाण ठरवता येतं का?

नको. जेवणाआधीचं इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टर कार्बचे ग्रॅम मोजायला शिकवतात, जीएल नाही. आमच्या मुदीत कार्ब ४० आणि जीएल ३१, इन्सुलिनच्या हिशोबात ४० च्या जागी ३१ घातले तर सगळंच चुकेल. हे दोन आकडे एकाच कागदावर लिहीत असाल तर मोठ्या अक्षरात वेगवेगळे लिहा.

माझं गणित बरोबर आहे हे कळणार कसं?

दशांशापर्यंत बरोबर येणारच नाही, मुळात तोच पदार्थ तीच माणसं दोनदा खातात तेव्हाही जीआय थोडा बदलतो, म्हणून मी उत्तर पूर्ण आकड्यात लिहिते आणि ३१ की २९ यावर वाद घालत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवायच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बघा, एक दिवस पूर्ण मूद, दुसऱ्या दिवशी अर्धी, बाकी ताट आणि गोळ्या त्याच. जीएल तुम्हाला सांगेल की फरक पडायला हवा, किती पडला ते मीटर सांगेल, आणि ते शेजारच्या काकांचं तुमच्यासारखं नसेल.

शेवटचं, एकाच जेवणात भात आणि आंबा दोन्ही हवेत

बाबांचाही हाच प्रश्न होता. पूर्ण मूद आणि अख्खा हापूस म्हणजे ३१ आणि ११, बेचाळीस. अर्धी मूद आणि अर्धा हापूस, १६ आणि साडेपाच, एकवीस-बावीस. त्यांच्या डॉक्टरांना दोन्ही हिशोब दाखवले, त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. आता मे महिन्यात आई मूद पाडताना वाटी अर्धीच भरते आणि बाबा आंब्याचा बाठ्याकडचा अर्धा भाग मागून घेतात, कारण बाठा चोखलेला मोजायचा नसतो असं त्यांचं म्हणणं आहे. मी मोजून बघितलंय, नीट चोखला तर वीस ग्रॅम गर निघतो.